छताला घाम: गळती नसताना कोपऱ्यात बुरशी का धरते?

छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले की गोव्यात पहिला आळ येतो तो वरच्या मजल्यावरच्या बाथरूमवर. वर कुणी राहत नसेल तर टेरेसवर. यात लोकांचं काही चुकत नाही. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलखात पाणी वरूनच येतं असं वाटणं साहजिक आहे, आणि बऱ्याचदा ते वरूनच येतं. पण गेल्या काही वर्षांत घरोघरी एसी लागल्यापासून तिसरा एक गुन्हेगार वाढलाय, आणि त्याला पकडायला कुणी जात नाही, कारण तो खोलीतच असतो. खोलीतली हवा.

हवेत पाणी किती असतं याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची बेडरूम घ्या. जुलैमध्ये हवेचं तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असताना त्या खोलीतल्या हवेत पाऊण लिटरहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात तरंगत असतं. हवा जितकी थंड, तितकी तिची वाफ धरून ठेवायची ताकद कमी. ज्या तापमानाला हवा ‘आता बास’ म्हणते आणि पाणी सोडायला लागते, तो तिचा दवबिंदू. फ्रिजमधून काढलेली बाटली टेबलावर ठेवली की तिच्या अंगावर पाणी जमतं, ते याच कारणाने. बाटली गळत नसते.

दवबिंदू काढायला शाळेतलं गणित पुरतं. शंभरातून आर्द्रता वजा करा, उरलेल्याला पाचाने भागा, आणि ते उत्तर तापमानातून वजा करा. आर्द्रता ८५ असेल तर उरले १५, त्याचे पाच भाग म्हणजे ३, आणि २८ वजा ३ म्हणजे २५ अंश. आर्द्रता पन्नासच्या वर असेल तोवर हा हिशेब कामापुरता बरोबर येतो. म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात खोलीतली कुठलीही वस्तू २५ अंशांच्या खाली गेली की तिला घाम सुटणार. २५ अंश म्हणजे काही गारठा नव्हे. एसीच्या रिमोटवर लोक यापेक्षा कितीतरी खाली जातात.

बुरशीला तर थेंबांचीसुद्धा गरज नसते. भिंतीला अगदी चिकटून असलेल्या हवेच्या थराची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस टिकली की तिला तेवढं पुरतं. खायला रंगातला चिकटा, पुट्टीवर बसलेली धूळ, कपाटामागचा कागद, काहीही चालतं. म्हणून हात लावला तर कोरडं लागणारं छतही काळं पडत जातं, आणि मग घरमालक म्हणतो, ‘ओल दिसत नाही, पण गळती आहे नक्की.’

फोंड्यातल्या एका चार मजली इमारतीत मला असंच बोलावणं आलं होतं. दुसऱ्या मजल्यावर निवृत्त मास्तर आणि त्यांच्या पत्नी राहतात. त्यांच्या बेडरूमच्या छताला, कपाटाच्या बरोबर वरच्या कोपऱ्यात, दोन हात लांब काळपट पट्टा. वर तिसऱ्या मजल्यावर तरुण जोडपं आणि त्यांचं लहान मूल. एका ठेकेदाराने आधीच येऊन निदान केलेलं होतं की वरचं बाथरूम फुटलंय, टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग करावं लागेल. दोन्ही घरांत त्यावरून बोलणं बंद झालेलं. मास्तर मला म्हणाले, “तुम्ही फक्त लिहून द्या, की बाथरूम गळतंय. पुढचं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बघतो.”

मी आधी शिडी मागितली. छत जवळून बघितल्याशिवाय या विषयात बोलूच नये. गळतीचा डाग आणि घामाची बुरशी जवळून वेगळी दिसतात. गळतीच्या डागाला कड असते. पाणी सिमेंटमधून येताना क्षार आणि मळ घेऊन येतं, वाळताना ते कडेला सोडतं, म्हणून पिवळट-तपकिरी वेटोळी दिसतात, प्रत्येक मोठ्या पावसाचं एकेक. रंग फुगतो, त्याचे पापुद्रे निघतात, खाली पांढरी भुकटी म्हणजे लोणा दिसतो, आणि चमच्याच्या दांड्याने ठोकलं तर गिलावा पोकळ वाजतो. घामाच्या बुरशीला असली कड नसते. सुट्टे काळे-हिरवे ठिपके, कोपऱ्यात दाट आणि बाहेर येता येता विरळ. ओल्या फडक्याने पुसले तर बरेचसे निघतात आणि खालचा रंग शाबूत असतो. मास्तरांच्या छताला एकही वेटोळं नव्हतं, गिलावा खणखणीत होता, लोण्याचा मागमूस नव्हता.

दुसरा प्रश्न काळाचा. पट्टा पहिल्यांदा कधी दिसला? मास्तर म्हणाले, पावसाळ्यात. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, “नाही हो, मे महिन्यात. पाहुणे यायचे होते म्हणून मी पुसलं होतं ना!” ही माहिती सोन्यासारखी. मे महिन्यात गोव्यात अजून पाऊस लागलेला नसतो, पण हवा दमट झालेली असते. ३१ अंश आणि ७५ टक्के धरले तर दवबिंदू २६ येतो, म्हणजे जुलैपेक्षाही वर. आणि एसी तर मे महिन्यातच सगळ्यात जास्त चालतो. टेरेसची किंवा बाहेरच्या भिंतीची गळती मेमध्ये सुरू होत नाही. नळाची गळती कुठल्याही महिन्यात होते, पण मग ती जानेवारीतही थांबत नाही. मास्तरांचा पट्टा दिवाळीनंतर फिका पडायचा आणि थंडीत वाढायचा थांबायचा. त्या दिवसांत हवेत पाणी कमी असतं आणि वरचा एसी बंद असतो.

मग सकाळी सहाला गेलो, कारण छत सगळ्यात थंड तेव्हा असतं. हवेची आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काहीशे रुपयांत मिळतं, ते कपाटावर ठेवलं. २८ अंश, ८५ टक्के. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक वेगवेगळ्या जागी रोखली. आतल्या भिंतीवर साडेसत्तावीस, छताच्या मधोमध साडेपंचवीस, काळ्या कोपऱ्यात पंचवीसला थोडे कमी. या बंदुकांचा आकडा एक-दोन अंशांनी मागेपुढे असू शकतो, म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नका. एकाच बंदुकीने दोन जागा मोजून त्यांतला फरक बघा. इथे आतल्या भिंतीपेक्षा छत दोन अंशांनी थंड होतं आणि कोपरा त्याहून. मास्तरांच्या घरात तर एसीच नाही, त्यांना सोसत नाही. मग त्यांचं छत थंड कशाने?

वरच्या घरात गेल्यावर उत्तर मिळालं. बरोबर त्याच बेडरूमवर त्यांची बेडरूम, बाळासाठी एसी रात्रभर १८ वर, आणि एसीचा झोत जिथे खाली पडतो तीच जागा मास्तरांच्या कपाटावरची. थंड हवा जड असते, ती जमिनीवर बसते. मधला स्लॅब म्हणजे पाच इंचांचं काँक्रीट आणि त्यावर टाइल्स. काँक्रीट थंडी अडवत नाही, नुसती हळू पुढे सरकवते. संध्याकाळी लावलेल्या एसीचा गारवा पहाटेपर्यंत मास्तरांच्या छताला पोचतो. वरच्यांची फरशी म्हणजेच खालच्यांचं छत, आणि त्या छताला मास्तरांच्या खोलीतली ओली हवा भेटते. कोपराच का, तर कपाटावर बॅगा रचलेल्या, पंख्याचा वारा तिथे पोचत नाही, त्यामुळे तिथली हवा हलत नाही आणि पृष्ठभाग गरम व्हायला वाव राहत नाही.

मास्तरांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, आकडे कसेही फिरवता येतात. मग चवथ आली. वरचं कुटुंब पेडण्याला आपल्या मूळ घरी गेलं. त्या दिवसांत पाऊस चांगलाच कोसळत होता, तरी मास्तरांचा कोपरा कोरडा पडला, पहाटेसुद्धा. मी म्हटलं, बघा. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. ते म्हणाले, “एसी बंद होता, तसं बाथरूमही बंदच होतं की!”

मुद्दा बिनतोड होता. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच काही सिद्ध होतं. म्हणून वरचे परत आल्यावर आम्ही बाथरूमची परीक्षा वेगळी घेतली. पाणी जायच्या भोकाचं, म्हणजे न्हाणी ट्रॅपचं, तोंड प्लास्टिक आणि कापडाच्या बोळ्याने बंद केलं, बाथरूमच्या जमिनीवर दोन बोटं पाणी भरलं, पातळीची खूण पेन्सिलीने टाइलवर केली आणि ते ४८ तास तसंच ठेवलं. या दोन दिवसांत त्यांनी एसी लावायचा नाही असं ठरलं. खाली छतावरच्या पट्ट्याभोवतीही पेन्सिलीने रेघ आखून ठेवली. पाणी केसभर उतरलं, तेवढं तर उडूनही जातं. छत कोरडं. हीच परीक्षा गळक्या बाथरूममध्ये घेतली की बहुतेक वेळा खाली ओल दिसते, आणि ज्या जागी दिसते तिथेच फोडायचं असतं. शिवाय सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघितला, काटा हलला नाही, म्हणजे दाबाचा पाइपही ठीक. मग बाथरूम नेहमीसारखं वापरून एसी पुन्हा १८ वर. दुसऱ्या दिवशी पहाटे कोपरा ओलसर.

ज्यांना वरच्या घरात प्रवेशच मिळत नाही त्यांच्यासाठी एक स्वस्त चाचणी आहे. पारदर्शक जाड प्लास्टिकचा फूटभर चौकोन डागावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवस ठेवायचा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ते हवेतलं, छताकडच्या बाजूला जमलं तर ते स्लॅबमधून येतंय. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. ओल्या छतावर पट्टी चिकटत नाही, तेव्हा आधी पंखा लावून जागा वाळवावी लागते. आणि जुनी गळती नुकतीच बंद केलेली असेल तर स्लॅब आतून बरेच आठवडे ओला राहतो. त्याचं पाणी प्लास्टिकमागे दिसलं म्हणजे गळती चालूच आहे असं नव्हे.

आता उपाय. इथे एका सल्ल्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तो सगळीकडे सापडतो: ‘खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा.’ हा सल्ला मुळात थंड देशांचा आहे. तिथे बाहेरची हवा गार आणि कोरडी असते, ती आत घेतली की खोली कोरडी होते. आपल्या जुलैत बाहेरच्या हवेतच घनमीटरला तेवीस ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. थंड छत असलेल्या खोलीची खिडकी रात्रभर उघडी ठेवणं म्हणजे त्या छताला पाणी पुरवत राहणं. मघाच्याच खोलीची आर्द्रता ८५ वरून ६५ वर आणायची तर हवेतून पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी काढावं लागतं, चहाचे दोन कप. तेवढं काढणं अवघड नाही. पण खोलीतली हवा एकदा बदलली की तेवढंच परत आत येतं. म्हणून आधी खिडकी बंद, मग पाणी काढायचं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर याला अपवाद. तिथे आपणच वाफ तयार करतो, ती एक्झॉस्टने बाहेर टाकलीच पाहिजे. आणि जिथे एसी कुठेच नाही, कुठलाच पृष्ठभाग थंड नाही, अशा जुन्या कौलारू घराला वारा चांगलाच. तिथे दुपारच्या उघडिपीत भिंती वाळून निघतात.

मास्तरांच्या बाबतीत वरच्यांनी एसी २५-२६ वर आणि सोबत पंखा असं कबूल केलं. बाळाला त्याने काही त्रास झाला नाही, विजेचं बिलही उतरलं, पण हे सगळ्या शेजाऱ्यांकडून होईलच असं नाही. आणि खरं सांगायचं तर एवढ्याने भागतही नाही. छत सत्तावीसच्या वर जातं आणि थेंब थांबतात, पण हवा ८५ टक्क्यांवरच राहिली तर छतालगतची आर्द्रता ८८च्या आसपास राहते. बुरशी मरगळते, मरत नाही. पाणीही काढावं लागतं.

ते काढायचे मार्ग थोडे. आधी येणारं पाणी कमी करा. बेडरूममध्ये दोरी बांधून कपडे वाळवणं बंद. मशीनमधून पिळून निघालेल्या एका मोठ्या धुण्यात लिटर-दोन लिटर पाणी सहज असतं, म्हणजे खोलीतल्या सगळ्या हवेत मिळून आहे त्याहून जास्त. मग खिडक्या लावून डीह्युमिडिफायर. रोज दहा-बारा लिटर काढायची क्षमता लिहिलेलं यंत्र एका बेडरूमला पुरतं. ती क्षमता चांगल्याच दमट हवेत मोजलेली असते, खोली कोरडी होत गेली की बादली हळू भरते. पहिले काही दिवस ती भराभर भरेल, कारण गादी, पुस्तकं, भिंती सगळी आपापलं पाणी सोडतात. यंत्र खोली थोडी गरमही करतं, ते इथे फायद्याचंच. आर्द्रता ६५ वर टिकवली तर वर कुणी १८ वर एसी लावला तरी दवबिंदू २१ अंशांपर्यंत उतरलेला असतो आणि छत सुरक्षित राहतं. स्वतःचा एसी असेल तर त्याचा ड्राय मोडही काही प्रमाणात हेच करतो. मिठाच्या किंवा रसायनाच्या डब्या कपाटापुरत्या ठीक, खोलीला त्यांचा उपयोग नाही.

कपाटावरच्या बॅगा उतरवल्या, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं आणि एक छोटा पंखा त्या कोपऱ्याकडे रोखला. हलत्या हवेने कोपरा एखादा अंश गरम राहतो. फार नाही, पण काठावरच्या परिस्थितीत तेवढा अंश पुरतो.

एक गोष्ट मात्र मी मास्तरांना करू दिली नाही. त्यांना डागाखाली जिप्समचं फॉल्स सीलिंग करून हवं होतं, ‘दिसणारच नाही मग.’ दिसणार नाही हे खरं. पण ओली हवा फटींतून वर जाणार, थंड स्लॅबला लागून आतच घाम सुटणार, आणि जिप्सम बोर्डाचा कागद बुरशीला आयता मिळणार. छताला थंडीपासून वेगळं करायचंच असेल तर फोमचे दाट तक्ते स्लॅबला पूर्ण चिकटवून, सगळे सांधे हवाबंद करून लावावे लागतात. अर्धवट केलेलं काम काहीच न केल्यापेक्षा वाईट.

आता सफाई. कोरड्या ब्रशने खरवडू नका, बीजाणू सगळ्या खोलीत उडतात, आणि दमेकऱ्याला त्याचा त्रास होतो. मास्क, चष्मा, हातमोजे घाला, पलंगावर प्लास्टिक टाका, कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच पंखा लावा. ब्लीच वापरायचं तर चार लिटर पाण्यात एक कप, त्याहून जास्त नाही, आणि ते टाइल्सवर जास्त उपयोगी. गिलाव्याच्या आत शिरलेल्या बुरशीपर्यंत ते नीट पोचत नाही. ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं आम्ल किंवा अमोनियावालं काहीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. पुट्टीच काळी पडली असेल तर ती ओली करून काढून टाकायची.

रंगाला घाई नको. बुरशीरोधक रंग मिळतात, पण ते बुरशीला अडवतात, पाण्याला नाही. ओल राहिली तर एक-दोन पावसाळ्यांत ठिपके परत येतात. आपल्याकडे चवथीच्या आधी घराला चुना मारायचे, त्या ताज्या चुन्याचा क्षारपणा बुरशीला सोसत नाही. पण त्याचा जोर ओसरतो, म्हणून तो दर वर्षी मारावा लागतो. मास्तरांना मी जानेवारीपर्यंत थांबायला सांगितलं. तेव्हा त्याच कोपऱ्यात प्लास्टिकचा चौकोन दोन दिवस लावून बघायचा, छताकडच्या बाजूला थेंब नसला तर पुट्टी, प्रायमर आणि मग रंग. एवढ्यात त्यांना रंगाच्या शेडकार्डाचा कंटाळा आलेला होता, त्यांच्या पत्नीने पांढराच ठरवला.